किती शेतं घ्यायची? पेरणीआधीचा हिशेब

सोयाबीन सपाट पेरावं की रुंद वरंबा सरीवर? मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की हा वाद निघतोच. समजा, एका छोट्या संस्थेला याचं उत्तर संशोधन केंद्रात नाही, तर शेतकऱ्यांच्या रानात शोधायचं आहे. हाताशी एकच खरीप, दोन कार्यकर्ते आणि एक गाडी. काढणीच्या दहा-पंधरा दिवसांत फार तर ४० शेतांवर पोचता येईल. मग २० शेतकरी सपाट पेरतील, २० वरंब्यावर, आणि शेवटी सरासरीची तुलना करू, असा बेत ठरतो. ऐकायला ठीक वाटतो.

पण या बेतात फरक सापडण्याची शक्यता किती, हे बियाणं विकत घेण्याआधीच काढता येतं. या हिशेबाला पॉवर अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्यासाठी आधी ठरवायचं की किमान केवढा फरक आपल्या कामाचा आहे. हे संख्याशास्त्र सांगत नाही, शेतकरी सांगतो. यंत्राचं भाडं आणि जास्तीची मेहनत धरून एकरी एक क्विंटल तरी वाढल्याशिवाय कोणी पद्धत बदलणार नसेल, तर आपला आकडा एक क्विंटल. दुसरी गोष्ट म्हणजे शेताशेतांत मुळातच किती तफावत आहे. गावात सरासरी आठ क्विंटल निघत असलं, तरी कुणाला पाच मिळतात, कुणाला अकरा. ही तफावत मोजणारं प्रमाण विचलन आपण अडीच क्विंटल धरू. उरल्या दोन चुका. फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची शक्यता रिवाजाप्रमाणे ५ टक्के ठेवतात, आणि फरक खरंच असेल तर तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के. या ८० टक्क्यांत पवित्र असं काही नाही. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने सोयीचा म्हणून सुचवलेला आकडा पुढे रूढ झाला, इतकंच.

कागदावर करायचं तर प्रमाण विचलनाचा वर्ग घ्या, त्याला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा आणि १६ ने गुणा. इथे सव्वासहा गुणिले १६, म्हणजे १००. ही एका गटाची संख्या, म्हणून एकूण २०० शेतं. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच एका ओळीत होतं:

```
power.t.test(delta = 1, sd = 2.5, power = 0.8)
```

उत्तर ९९.०८ येतं, म्हणजे गटात १००. आपल्याकडे आहेत २०.

तरीही ४० शेतांवर प्रयोग रेटला तर काय होईल? एक क्विंटलचा फरक खरोखर असला, तरी तो पकडण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के. चारपैकी तीन वेळा ‘फरक आढळला नाही’ असा अहवाल निघेल आणि पद्धत कदाचित उगाच बाद होईल. मला त्याहून जास्त भीती चौथ्या वेळेची वाटते. गटात २० शेतं असताना, मोजलेला फरक साधारण १.६ क्विंटलच्या वर गेल्याशिवाय संख्याशास्त्राची चाचणी त्याला लक्षणीय म्हणतच नाही. म्हणजे खरा फायदा एक क्विंटलचा असेल, तर यशस्वी ठरलेला प्रयोग तो नेमका फुगवूनच सांगणार. पुढच्या वर्षी शेतकऱ्याच्या पदरात एकच क्विंटल पडतो आणि तो म्हणतो, संस्थेने फसवलं.

शेतं वाढवता येत नसतील तर तफावत कमी करायची. अडीच क्विंटलचं ते विचलन येतं कुठून? जमिनीची खोली, शेणखत, पेरणीची तारीख, पडलेला पाऊस, शेतकऱ्याची हुशारी. यातलं जवळपास सगळं एकाच शेताच्या दोन अर्ध्यांत सारखं असतं. म्हणून प्रत्येक शेताचे दोन भाग करायचे, एकात सपाट, दुसऱ्यात वरंबा, आणि तुलना त्या शेतातल्या शेतातच करायची. अशा फरकांचं प्रमाण विचलन २.१ क्विंटल धरलं तर:

```
power.t.test(delta = 1, sd = 2.1, power = 0.8, type = "paired")
```

आता एकूण ३७ शेतं लागतात. दोनशेवरून सदतिसावर. प्रत्येक शेतात दोन कापण्या कराव्या लागतील, पण खरा खर्च गावापर्यंत पोचण्याचा असतो. तिथे गेल्यावर दुसरा तुकडा कापायला तासभर जास्त लागेल.

फुकट मात्र काही मिळत नाही. वरंब्याच्या सऱ्यांतून निचरा झालेलं पाणी शेजारच्या सपाट अर्ध्यात शिरलं, तर सपाट पीक आपल्या प्रयोगामुळेच पिवळं पडेल आणि वरंब्याचा फायदा खोटाच मोठा दिसेल. म्हणून शेत वर-खाली न विभागता उताराच्या दिशेने उभं विभागायचं, म्हणजे दोन्ही अर्ध्यांना वरची आणि खालची जमीन सारखी येते. सऱ्यांचं पाणी शेताबाहेर काढायचं आणि मधल्या काही ओळी मोजणीत धरायच्या नाहीत. कुठला अर्धा वरंब्याचा, हे नाणं उडवून ठरवायचं. शेतकऱ्यावर सोडलं तर नवी पद्धत चांगल्या बाजूला जाते, हे सांगायला नको.

शेतांची संख्या फुगवण्याची एक सोपी युक्ती सर्रास दिसते. आठच शेतं घ्यायची, दर पद्धतीत पाच ठिकाणी कापणी करायची आणि नमुना ४० लिहायचा. पण एका शेतातल्या पाच जागा एकमेकींसारख्याच असतात. एकूण तफावतीतला ६० टक्के भाग शेताशेतांतला असेल, तर या ४० नोंदींचं मोल १२ स्वतंत्र नोंदींइतकंच भरतं. मोजायची ती शेतं.

कापणीच चुकीची असेल तर नमुना कितीही वाढवा, चूक तशीच राहते. साताऱ्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि त्यावरून दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. शेतातला कापून मोजायचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत धरण्याकडे कल होतो आणि उत्पादन जास्त दिसतं. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते, त्यामुळे चूकही जास्त.

आता २.१ हा आकडा कुठून आणायचा? सहा शेतांवर चाचणी घेऊन काढला तर त्याच्यावर फार विसंबू नये. सहा नोंदींतून काढलेलं विचलन २.१ आलं, तरी खरं विचलन १.३ ते ५.२ मध्ये कुठेही असू शकतं. त्याच भागातल्या आधीच्या प्रयोगांचे आकडे मिळाले तर ते बरे. आणि हिशेब एकाच आकड्यावर न करता २.१ आणि २.६, दोन्हींवर करून पाहावा. २.६ ला ५६ शेतं लागतात, म्हणजे धोका केवढा आहे ते आधीच कळतं.

गळतीही धरायला हवी. कोणी आपण पोचायच्या आत काढणी उरकेल, कोणी दोन्ही अर्ध्यांचा माल एकाच गंजीत टाकेल. ४० पैकी सहा शेतं अशी गेली तर उरलेल्या ३४ वर पॉवर साधारण ७७ टक्के राहते. मला ती चालेल. २५ च उरली तर ८० टक्के खात्रीने सुमारे सव्वा क्विंटलचाच फरक पकडता येईल, आणि एवढ्यावर समाधान आहे का, हे जूनमध्येच विचारून घ्यावं.

एका गळतीला मात्र गळती म्हणायचं नाही. पाणी साचून सपाट अर्धा सडला आणि शेतकऱ्याने त्यावर नांगर फिरवला, तर ‘नोंद नाही’ म्हणून ते शेत वगळण्याचा मोह होतो. वरंब्याचा सगळ्यात मोठा फायदा नेमका तिथेच झालेला असतो. त्या अर्ध्यापुढे शून्य क्विंटल लिहायचं आणि शेत यादीत ठेवायचं.