मिप्स लूपचा माग (ड्राय रन)

मिप्स या प्रोसेसर-रचनेच्या असेंब्लीतील छोटी लूप कागदावर एकेक आज्ञा चालवून, शेवटी कोणत्या रजिस्टरात कोणती किंमत उरते ते काढण्याची पद्धत. संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिला ड्राय रन म्हणतात. प्रत्येक रजिस्टरासाठी एक रकाना आखायचा आणि ज्या आज्ञेने किंमत बदलली तिच्यासमोर नवी किंमत लिहायची, एवढीच तिची रीत आहे. `$zero` मध्ये काहीही लिहिले तरी ते शून्यच राहते, म्हणून त्याला रकाना लागत नाही.

पुढील लूप उदाहरणादाखल घेतली आहे.

```
      addi $t0, $zero, 5
      addi $t1, $zero, 0
loop: add  $t1, $t1, $t0
      addi $t0, $t0, -2
      bgtz $t0, loop
      sll  $t1, $t1, 1
```

`bgtz` ही आज्ञा `$t0` शून्याहून मोठे असेल तरच `loop` कडे उडी घेते. पहिल्या फेरीत `$t1` ५ होते आणि `$t0` ३ वर येते, म्हणून उडी होते. दुसऱ्या फेरीत `$t1` ८ आणि `$t0` १ होते, पुन्हा उडी होते. तिसऱ्या फेरीत `$t1` ९ आणि `$t0` उणे १ होते, तेव्हा उडी होत नाही. मग `sll` एक बिट डावीकडे सरकवून ९ चे १८ करते. अखेर `$t0` मध्ये `0xffffffff` आणि `$t1` मध्ये `0x00000012` उरते. पहिली किंमत पाहून अनेकजण गोंधळतात, परंतु दोनच्या पूरक पद्धतीत उणे १ असेच लिहिले जाते. लूप संपली म्हणजे `$t0` हा गणक शून्यावर थांबला असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. येथे तो शून्याला न शिवता ओलांडून जातो. `bgtz` च्या जागी `bne $t0, $zero, loop` लिहिले, तर विषम संख्येतून दोन वजा होत राहिल्याने शून्य कधीच येत नाही. `$t0` उणे २१४७४८३६४७ ला पोहोचले की पुढच्या `addi` ला अतिप्रवाहाचा अपवाद उद्भवतो. अतिप्रवाहाचा अपवाद न उठवणारी `addiu` असती तर लूप कधी थांबलीच नसती.

वरील उत्तर मात्र एका गृहीतकावर उभे आहे. मूळ मिप्स रचनेत उडीच्या लगेच पुढची आज्ञा, उडी होवो वा न होवो, चालतेच. तिच्या जागेला विलंब-खाच म्हणतात. प्रोसेसर आज्ञा टप्प्याटप्प्याने चालवतो. उडीचा निर्णय होईपर्यंत पुढची आज्ञा स्मृतीतून आणलेली असते, ती टाकून न देता वापरून घ्यावी हा त्यामागील विचार होता. या नियमाने `sll` प्रत्येक फेरीत चालते. पहिल्या फेरीत ५ चे १० होतात. दुसऱ्या फेरीत ३ मिळवून १३ आणि त्याचे २६, तिसऱ्या फेरीत १ मिळवून २७ आणि त्याचे ५४ होतात. `$t0` दोन्ही वेळी उणे १ च राहते, पण `$t1` १८ ऐवजी ५४ होते. म्हणून अशा प्रश्नात विलंब-खाच मोजायची की नाही हे सांगितलेले नसेल, तर प्रश्न अपुरा आहे असेच मानले पाहिजे.

विलंबित उडीचे मूळ नेमके कोठे, याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक ते लॉस आलामोस येथील, १९५२ च्या सुमाराच्या मॅनिअ‍ॅक-१ या यंत्रापर्यंत मागे नेतात. आयबीएमच्या ८०१ प्रकल्पात आणि बर्कली येथील रिस्क-१ मध्येही ती होती. स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांच्या नेतृत्वाखाली मिप्स प्रकल्प १९८१ मध्ये सुरू झाला. तेव्हा कल्पना नवी नव्हती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मिप्सचे वैशिष्ट्य असे की टप्प्यांमधील अडथळे सांभाळण्याचे काम शक्यतो यंत्रावर न टाकता कंपायलरवर सोपवायचे. प्रकल्पाच्या पूर्ण नावातील ‘विना इंटरलॉक’ या आशयाचे शब्द हेच सांगतात.

शिक्षणासाठी वापरले जाणारे स्पिम आणि मार्स हे सिम्युलेटर विलंबित उडी मुळात बंद ठेवतात. ती सेटिंगमधून चालू करता येते. मार्समध्ये वरचा प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे चालवल्यास १८ आणि ५४ ही उत्तरे समोरासमोर दिसतात. विलंब-खाच चालू असतानाही १८ हवे असतील तर `bgtz` नंतर काहीच न करणारी `nop` ही आज्ञा घालावी लागते. वरची `addi` खाचेत सरकवून ही जागा भरता येत नाही, कारण उडीचा निर्णय तिच्याच निकालावर अवलंबून आहे. मिप्स रचनेच्या २०१४ च्या सहाव्या आवृत्तीत विलंब-खाच नसलेल्या उड्या आल्या. `bgtzc` ही त्यांपैकी एक. त्या आवृत्तीतून `addi` काढून टाकलेली असल्याने तिच्या जागी `addiu` लिहिली, तर `bgtzc` सह वरची लूप `nop` शिवायच १८ देते.