चांगला वाढलेला शेअर आम्ही का विकला? लो व्होलॅटिलिटी पोर्टफोलिओवाल्या ग्राहकांसाठी

निफाडचे बागायतदार असोत की ओझरहून रिटायर झालेली मंडळी, रिबॅलन्सिंगनंतर बऱ्याच जणांचा फोन येतो, "अहो रिझल्टनंतर शेअर एका दिवसात 12 टक्के वर गेला आणि तुम्ही तोच काढला?" प्रश्न रास्त आहे म्हणून नीट सांगतो.

आपण 100 मोठे शेअर घेतो आणि मागच्या 252 ट्रेडिंग दिवसांवरून प्रत्येकाचे दोन आकडे काढतो. व्होलॅटिलिटी म्हणजे शेअर रोज किती हलतो, आणि बीटा म्हणजे निफ्टी हलला की तो सोबत किती हलतो. दोन्हींची रँक लावून बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज सगळ्यात वर, आणि वरचे 20 शेअर प्रत्येकी 5 टक्के.

आता तो शेअर बघा. रोजची हालचाल साधारण 1.1 टक्का, वर्षाच्या हिशोबाने साडेसतरा. एकाच दिवशी 12 टक्के उडी मारली की हाच आकडा 21 च्या वर जातो, कारण व्होलॅटिलिटी वर-खाली बघत नाही, फक्त किती हलला ते बघते. निफ्टी त्या दिवशी जागेवरच होता म्हणून बीटा फारसा बदलला नाही, पण व्होलॅटिलिटीची रँक 14 वरून 55 वर घसरली आणि एकूण यादीत शेअर 11 वरून 34 वर गेला. आपण 20 च्या आत आलेला घेतो पण विकतो तो 30 च्या बाहेर गेल्यावरच, नाहीतर 19-22 मध्ये घुटमळणारे शेअर दर महिन्याला घ्यायचे-विकायचे आणि ब्रोकरेज, एसटीटी भरत बसायचं, शिवाय 12 महिन्यांच्या आत नफ्यात विकलं की 20 टक्के टॅक्स.

त्याच्या जागी 16 नंबरचा एफएमसीजी शेअर का नाही? एका सेक्टरची मर्यादा 25 टक्के आहे, म्हणजे पाच शेअर, आणि एफएमसीजीचे पाच आधीच होते. ही मर्यादा नसेल तर यादी साबण, बिस्किटं आणि औषधांनीच भरते, मग एखादा टॅक्स वाढला की सगळे शांत शेअर एकदम खाली. म्हणून 19 नंबरचा वीज कंपनीचा घेतला.

या पद्धतीची एक खोट आहे ती आधीच माहीत असू द्या. उडीचा दिवस वर्षभर हिशोबात राहतो आणि 252 दिवस झाले की निघून जातो, तेव्हा कंपनीत काहीच न बदलता शेअर अचानक "शांत" दिसायला लागतो. म्हणून असा शेअर परत यादीत आला की आम्ही तो उडीचा दिवस धरून आणि वगळून, दोन्ही आकडे बघतो. आणि बीटा 0.6 म्हणजे बाजार 10 टक्के पडला तर सरासरी 6 च्या आसपास, त्याची गॅरंटी नाही. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात जवळपास 13 टक्के पडला तेव्हा असे शेअरही पडलेच. बाजार जोरात पळतो तेव्हा हा पोर्टफोलिओ मागे राहणार हेही धरून चाला.

महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये विकलेल्या प्रत्येक शेअरसमोर जुनी रँक, नवी रँक आणि कारण लिहिलेलं असतं. कारण रिकामं दिसलं तर लगेच कॉलेज रोडच्या ऑफिसला फोन करा.