नायट्रोजनच्या कॅनमध्ये फॉइलचे किती थर?

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या मात्रा उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. दोन्हींच्या मध्ये असते कॅनची दुहेरी भिंत आणि तिच्यातली निर्वात पोकळी.

पोकळीतून उष्णता वाहत नाही, पण प्रारणाने मात्र जाते. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, हे स्टीफन यांनी 1879 मध्ये प्रयोगांवरून मांडले आणि 1884 मध्ये बोल्ट्झमान यांनी सिद्धांताने दाखवले. 1892 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी दुहेरी भिंतीचे निर्वात भांडे केले. काचेला चांदीचा मुलामा दिला की गळती आणखी घटते. पुढची मोठी झेप 1951 मध्ये स्वीडनमध्ये पीटर्सन यांनी घेतली. त्यांनी पोकळीत चकचकीत फॉइलचे अनेक थर घातले आणि मध्ये विभाजक ठेवले.

प्रत्येक फॉइल एका बाजूने घेतलेली उष्णता दुसऱ्या बाजूने पुन्हा प्रारणानेच देते, म्हणजे वाटेत नवा अडथळा उभा राहतो. भिंती आणि फॉइल सारख्याच चकचकीत असतील तर N थरांनी गळती 1/(N+1) होते. चकाकी वेगळी असेल तर हिशेब खालीलप्रमाणे. यात q म्हणजे दर चौरस मीटरमागची गळती, σ हा स्टीफन-बोल्ट्झमान स्थिरांक, T1 आणि T2 बाहेरच्या व आतल्या भिंतीचे केल्विनमधले तापमान, ε1 आणि ε2 त्या भिंतींची उत्सर्जकता, तर εs फॉइलची. पृष्ठभाग जितका चकचकीत, तितकी उत्सर्जकता कमी.

```
q = σ(T1⁴ − T2⁴) / [1/ε1 + 1/ε2 − 1 + N(2/εs − 1)]
```

बाहेर 318 केल्विन, आत 77, भिंतींची उत्सर्जकता 0.1, फॉइलची 0.05 आणि क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरू. फॉइल नसेल तर 15 वॅट आत शिरतात आणि रोज सुमारे 8 लिटर नायट्रोजन उडतो. 35 लिटरचा कॅन पाचव्या दिवशी कोरडा! एका फॉइलने गळती 5 वॅटवर येते, दहांनी 0.7 वर, विसांनी 0.36 वर, तिसांनी 0.24 वर. म्हणजे पहिल्या दहांनी 14 वॅट वाचले, तर शेवटच्या दहांनी जेमतेम 0.12.

त्या टप्प्यावर कॅनच्या मानेतून वहनाने येणारी उष्णताच वरचढ ठरते, म्हणून वीस-तीस थरांपुढे आमच्या मते फारसे हाती लागत नाही. उलट जास्त थर त्याच जागेत दाबून कोंबले की फॉइल एकमेकींना टेकतात आणि उष्णता थेट वाहू लागते. मध्ये काचतंतूचा पातळ कागद किंवा नायलॉनची जाळी हवी, गुंडाळी सैल हवी, आणि आतल्या थराची कड बाहेरच्या थराला शिवता कामा नये. नाहीतर मधले सगळे थर असून नसल्यासारखे.

निर्वात गेले तर मात्र कितीही फॉइल असोत, उपयोग नाही, कारण मग थरांमधली हवाच उष्णता नेते. बाहेरच्या भिंतीवर घाम किंवा दव दिसले तर मात्रा लगेच दुसऱ्या कॅनमध्ये हलवाव्यात. एरवी रोज त्याच वेळी, झाकण लावून, कॅन वजनकाट्यावर ठेवावा. एक लिटर नायट्रोजन म्हणजे 0.8 किलो. रोजची घट नागपूरच्या हिवाळ्यातल्यापेक्षा मे महिन्यात फार तर पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढली तर ती उन्हाची. पण हवामान तेच असताना वाढतच चालली, तर पोकळीत हवा शिरते आहे.