पाणमोट फुटली की लघवी झाली?

रात्री अडीचला धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, झोपेतून उठले तर गाऊन ओला. लघवी झाली असेल का गं? सांगायलाच लाज वाटतेय. सिनेमात तर धो धो पाणी पडतं, हे तर जेमतेम अर्धा कप असेल." दिवस भरत आलेले, ३९ वा आठवडा, पहिलं बाळ. मी प्रसूती विभागात रेसिडेंट असताना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की मोजणं सोडून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न अजिबात बावळट नाही, नुसतं बघून डॉक्टरही कधीकधी सांगू शकत नाहीत.

सिनेमाचा मुद्दा आधी संपवते. तिथे बाई उभी असते, भसकन पाणी पडतं, मग कळा आणि मग गाडी सुसाट. खरं म्हणजे बहुतेकींना आधी कळा येतात आणि पाणमोट पुढे, कळा चांगल्या जोरात आल्यावर फुटते. दिवस भरलेल्या बायकांपैकी साधारण दहातल्या एकीचंच पाणी कळांच्या आधी जातं. आणि ते जातं तेव्हाही धबधबाच असतो असं नाही, नुसती ओल, थेंब थेंब, उठलं की थोडं, बसलं की बंद, असंही असतं.

असं का, तर त्यासाठी पाणमोट म्हणजे नेमकं काय ते बघू, मला हा भाग फार आवडतो त्यामुळे थोडा लांबणार. बाळाभोवती दोन पडदे असतात, आतला ॲम्निऑन आणि बाहेरचा कोरिऑन, दोन्ही मिळूनही जाडी एक मिलिमीटरच्या आत. आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा पण नाहीत, म्हणून तो फाटताना दुखत नाही. त्याची सगळी मजबुती कोलॅजनच्या धाग्यांची. आपल्याला वाटतं फुगा ताणत ताणत फुटतो तसं हे होत असेल, पण फक्त ताणाने ते होत नाही. दिवस भरत आले की गर्भाशयाच्या तोंडावर जो भाग येतो तिथले कोलॅजनचे धागे कापणारी एन्झाइम्स वाढतात, दोन पडदे एकमेकांपासून थोडे सुटतात आणि तेवढाच पट्टा बाकीच्यापेक्षा कमजोर होतो. म्हणजे दार कुठे उघडायचं ती जागा शरीर आधीच पातळ करून ठेवतं, मग कळांचा दाब त्यावर पडतो.

आता ओल कमी का? बाळाचं डोकं खाली ओटीपोटात घट्ट बसलं असेल (डोकं फिक्स झालं म्हणतात ते) तर ते बुचासारखं काम करतं. डोक्याच्या खाली थोडं पाणी अडकलेलं, बाकी सगळं वर. त्यामुळे खालून फाटलं तर पुढचं थोडं पाणी येऊन थांबतं, आणि वरच्या बाजूला छोटंसं भोक पडलं तर डोक्याच्या कडेने झिरपत राहतं. आडवं पडल्यावर ते योनीत साठतं आणि उठल्यावर एकदम बाहेर येतं. बहिणीचं नेमकं हेच झालं होतं, चार तास झोपलेली आणि उठली तशी ओली.

मग लघवीपासून वेगळं ओळखायचं कसं. लघवी मूत्राशयातून येते, पाणी गर्भाशयातून, त्यामुळे पाणी स्नायू आवळून धरता येत नाही, लघवी थोडी तरी धरता येते. वासही वेगळा, लघवीचा उग्र, गर्भजलाला फारसा वास नसतो, असला तर किंचित गोडसर. रंग पाण्यासारखा किंवा फिक्कट पिवळसर, कधी गुलाबी छटा. घरी करायचं एवढंच : मूत्राशय रिकामं करायचं, स्वच्छ कोरडा पॅड लावायचा (टॅम्पॉन अजिबात नाही), अर्धा तास आडवं पडायचं, मग उभं राहून पॅड बघायचा. पॅड परत ओला झाला तर पाणी धरून चाला. नाही झाला तरी शंका राहत असेल तर फोन करून जायचंच, कारण हा नुसता अंदाज आहे, चाचणी नाही. बहिणीला मी हेच सांगितलं आणि पॅड टाकून न देता बरोबर न्यायला सांगितलं, कारण त्यावरचा रंग आणि वास डॉक्टरांना बघायचा असतो.

हॉस्पिटलात काय करतात? आतून बोटाने तपासणी शक्यतो टाळतात, कारण कळा सुरू नसताना ती केली की जंतू वर जायची शक्यता वाढते. त्याऐवजी निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, घालून बघतात, योनीच्या मागच्या खोबणीत पाणी साठलंय का, आणि खोकायला सांगतात, खोकल्यावर गर्भाशयाच्या तोंडातून पाणी ओघळलं तर प्रश्नच मिटला. नाही दिसलं तर पीएच बघायची कागदी पट्टी. योनी आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४ च्या आसपास, आणि गर्भजल साधारण ७ च्या वर, म्हणून कागदाचा रंग बदलतो. पण रक्त किंवा वीर्य असेल तरी तो बदलतो, म्हणून एकट्या पट्टीवर विसंबून चालत नाही.

आणि मग माझी लाडकी चाचणी. ते पाणी काचपट्टीवर पसरायचं, हवेत वाळू द्यायचं, साधारण दहा मिनिटं, वर काच ठेवायची नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गर्भजल असेल तर त्यातलं मीठ आणि प्रथिनं वाळताना एकत्र स्फटिक बनवतात आणि सगळीकडे नेच्याच्या पानांसारख्या बारीक बारीक फांद्या पसरलेल्या दिसतात, फांदीला फांदी, तिला आणखी फांदी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सिनियरला ओढत आणलं होतं, ती म्हणाली हो गं, रोजचंच आहे. लघवीत अशी नक्षी सहसा उमटत नाही. गर्भाशयाच्या तोंडातल्या चिकट म्युकसमध्ये उमटू शकते पण ती जाडसर असते, आणि नमुन्यात रक्त जास्त असेल तर नक्षी असूनही दिसत नाही, म्हणून यातही चूक होते. तरी एका काचपट्टीवरचं मीठ सांगतं की बाळाभोवतीचा पडदा फाटलाय, हे मला आजही भारी वाटतं.

आता 'शो'बद्दल, कारण बहिणीला ते दोन दिवस आधीच झालं होतं आणि तेव्हा ती आत्ताच्या आत्ता निघायच्या तयारीत होती. गर्भाशयाच्या तोंडात नऊ महिने घट्ट चिकट म्युकसचं बूच बसलेलं असतं, जंतूंना वर जाऊ देत नाही. तोंड मऊ होऊन आखूड व्हायला लागलं की ते सुटतं, आणि तिथल्या बारीक केशवाहिन्या तुटल्याने त्यात रक्ताच्या रेषा येतात. गुलाबी, तपकिरी, जेलीसारखं, चमचा-दोन चमचे. यानंतर कळा काही तासांत येतील, काही दिवसांनी येतील, कधी आठवडा-दोन आठवडेही जातात. म्हणून नुसता शो म्हणजे घाईने निघायचं कारण नाही, दिवस भरलेले असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर. पण पाळीसारखं लालभडक वाहायला लागलं तर त्याला शो म्हणायचं नाही. ते वारेतून येत असू शकतं, ताबडतोब निघायचं, तिथे थांबून बघू वगैरे नाही.

तिने मला आणखी एक विचारलं, पाणी गेलं म्हणजे बाळ आत कोरडं पडेल का. हा गैरसमज फार जुना आहे. शेवटच्या महिन्यांत गर्भजल मुख्यतः बाळाची लघवीच असते, बाळ ती करत राहतं म्हणून पाणी बनत राहतं. कोरडं पडणं ही खरी भीती नाही. खरी भीती दोन : जंतू वर जाणं आणि नाळ खाली येणं. पडदा फाटल्यावर आत जायची वाट उघडी असते, म्हणून वेळ मोजायचा. दिवस भरलेल्यांपैकी साधारण ६० टक्के बायकांना २४ तासांत कळा आपोआप सुरू होतात, आणि बाळाला गंभीर संसर्ग होण्याचं प्रमाण पाणी आधी गेल्यावर सुमारे १ टक्का, नाहीतर अर्धा टक्का. म्हणून कधी थोडं थांबतात, कधी लगेच कळा आणायचं औषध देतात, ते डॉक्टर ठरवतील. पण घरात बसून २४ तास मोजायचे असा याचा अर्थ नाही, पाणी गेलंय असं वाटलं की फोन करायचा आणि तपासायला जायचं.

नाळेचं दुर्मिळ आहे पण सांगते. डोकं फिक्स झालेलं नसेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते आणि दबली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. योनीत किंवा बाहेर दोरीसारखं काही जाणवलं तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, गुडघे आणि छाती टेकून कंबर वर ठेवायची म्हणजे बाळाचा दाब नाळेवरून कमी होतो, आणि ती आत ढकलत बसायचं नाही.

पाणी हिरवं किंवा तपकिरी असेल (बाळाने आतच शी केली), वास घाण असेल, ताप असेल, पोट सतत दुखत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर कळा असोत नसोत लगेच जा. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी पाणी, रक्त, शो किंवा सारख्या कळा, काहीही झालं तरी लगेच.

बहिणीचं पुढे असं झालं. पॅड अर्ध्या तासाने परत ओला, पाणी साफ, हालचाल चांगली, डोकं फिक्स आहे हे आधीच्या तपासणीत कळलेलं. तिने हॉस्पिटलात फोन केला, त्यांनी या म्हटलं, ती साडेतीनला पोचली, स्पेक्युलमने दिसलं. कळा सकाळी नऊला सुरू झाल्या आणि तिचा नवरा मोबाईलवर अंतर मोजत बसला, पण चुकीचं मोजत होता. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ. मोजायचं असतं एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पाणी गेलेलं नसेल आणि पहिलं बाळ असेल तर सगळीकडे सांगतात तो अंदाज म्हणजे पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा, तासभर सलग, की निघायचं. दुसरं-तिसरं बाळ असेल तर एवढी वाट बघू नका, तिथे सगळं भराभर होतं. घर लांब असेल तरी आधीच निघा. खोट्या कळा (१८७२ मध्ये ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरने वर्णन केल्या म्हणून त्याच्याच नावाने ओळखल्या जातात) चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की बहुधा विरतात. खऱ्या विरत नाहीत, उलट वाढत जातात.

त्या रात्री पौर्णिमा होती म्हणून पाणी गेलं असं तिच्या एका नातेवाईकाने ठामपणे सांगितलं. अमेरिकेतल्या एका राज्यातल्या ५ लाखांहून जास्त जन्मांचा ६२ चांद्रमासांचा हिशेब मांडून बघितलाय, पौर्णिमेला बाळं जास्त होतात असं काही निघालं नाही. चंद्राकडे बघण्यापेक्षा पॅडकडे बघितलेलं बरं.

बाळ संध्याकाळी सातला झालं. बहीण नंतर म्हणाली, तू पॅड आणायला सांगितलास तेव्हा मला वाटलं तू चेष्टा करतेस.