पावसाळ्यात घरात कपडे वाळवणे

जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात गच्चीवरच्या दोरीचा फारसा उपयोग होत नाही, आणि कपडे ड्राय बाल्कनीत, छताला टांगलेल्या पुलीच्या दांड्यांवर किंवा खोलीतच वाळत घातले जातात. अशा कपड्यांना येणारा आंबूस, कुबट वास निव्वळ ओलाव्याचा नसतो. धुतल्यानंतरही धाग्यांत उरलेल्या घामाच्या व त्वचेच्या तेलाच्या अंशावर वाढणारे जिवाणू तो निर्माण करतात. त्यांतील प्रमुख जिवाणू मोराक्सेला ओस्लोएन्सिस असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. हा जिवाणू कोरडेपणातही तग धरतो, त्यामुळे वाळल्यावर निर्गंध वाटणारा सदरा अंगावर घामाने भिजताच पुन्हा वास मारतो.

कपडा जितका वेळ ओला राहील तितकी जिवाणूंची वाढ अधिक, म्हणून खरा प्रश्न पाणी किती लवकर घराबाहेर जाते हा आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तापमान २५ अंश व आर्द्रता ८५ टक्के असताना ही हवा जेमतेम १२० ग्रॅम बाष्प आणखी सामावू शकते. तीन किलो सुती कपडे मशीनमध्ये चांगले पिळले तरी त्यांत दीड लिटरच्या आसपास पाणी उरते, आणि हाताने पिळल्यास याहून बरेच जास्त. म्हणजे खोलीतील हवा किमान बारा-तेरा वेळा पूर्ण बदलली पाहिजे. दारे-खिडक्या लावून पंखा सोडण्याची सर्रास दिसणारी सवय म्हणूनच फसते: पंखा कपड्यालगतची दमट हवा हलवतो, पण बाहेर घालवत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, पंख्याचा झोत कपड्यांच्या बाजूने जाईल असा ठेवावा आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर सोडावे. पिळण्याची फेरी दुसऱ्यांदा चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण तेवढे पाणी हवेत जातच नाही.

धुण्याच्या सवयींपैकी दोन निर्णायक ठरतात. धुणे झाल्यावर कपडे मशीनमध्ये पडू देऊ नयेत, आणि पावडर बेताने वापरावी, कारण जास्तीची पावडर नीट खळबळून निघत नाही व तिच्यासह मळही धाग्यांत राहतो. वास एकदा मुरला की साध्या धुण्याने जात नाही; असे पंचे व गंजीफ्रॉक, कापडाला सोसत असल्यास, ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत.

जीन्स उलटी करून कमरेकडून टांगावी. ती वाळली की नाही हे खिशाच्या अस्तरावर व कमरपट्टीच्या जाड शिवणीवर हाताची मागची बाजू टेकवून पाहावे. तेथे गारवा लागला तर घडी घालू नये.