‘सिबिल क्लीन करून देतो’ : या धंद्याची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनबाहेरच्या खांबांवर किंवा वाशी-कोपरखैरणेच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन जाहिराती हमखास दिसतात. एक म्हणते, खराब सिबिल महिन्याभरात क्लीन. दुसरी म्हणते, कर्ज माफ करून कर्जमुक्तीचं सर्टिफिकेट हातात. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

माफीची भाषा शेतीतून आली. 2008 साली केंद्राने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी योजना आणली. महाराष्ट्रात 2017 साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली आणि 2019 च्या अखेरीस महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना. या सगळ्यांत शेतकऱ्याचं कर्ज हवेत विरलं नाही. बँकेचे पैसे सरकारी तिजोरीतून भरले गेले. गावाकडचा सातबारा आणि घणसोलीतला फ्लॅट अशी दोन्हीकडे नाळ असलेल्या माणसाच्या कानावर ‘माफी’ हा शब्द ओळखीचा पडतो, आणि एजंट नेमका तिथेच हात घालतो. पण पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे पैसे बँकेला कोण देणार? एजंट तर देत नाही. तो ‘लीगल फी’ म्हणून काही हजार घेतो आणि शिक्का मारलेला कागद देतो. असले ‘कर्जमाफी सर्टिफिकेट’ द्यायचा अधिकार कुणालाही नाही आणि बँकेचं देणं फेडावं लागत नाही असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 11 डिसेंबर 2023 रोजी जाहीर केलं.

‘क्लीन’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात थोडं खरंही असतं. सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी 2000 साली स्थापन झाली. 2005 साली अशा पत माहिती कंपन्यांसाठी कायदा झाला आणि चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला. आज अशा चार कंपन्या आहेत. तरीही बरीच वर्षं सामान्य माणसाला आपला रिपोर्ट पैसे मोजूनच पाहावा लागे, त्यामुळे कर्ज नाकारल्यावरच त्याला सिबिलचं नाव कळायचं. 2017 पासून चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देणं बंधनकारक झालं. एजंट मात्र रिपोर्ट काढून देण्याचे पैसे अजूनही घेतात.

समजा, कोपरखैरणेच्या एका नोकरदाराचं कोविडच्या काळात कार्डावर 1,20,000 रुपये देणं थकलं. वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून त्याने 60,000 भरून सेटलमेंट केलं. आता त्याला घरासाठी कर्ज हवंय आणि रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ दिसतंय, म्हणजे पूर्ण पैसे न भरता खातं मिटवलं. एजंट 25,000 मागतो. पॅन, आधार आणि ओटीपी घेऊन तो याच्याच नावाने सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाकतो, जी स्वतःहून टाकायला एक रुपयाही लागत नाही. त्या नोंदीवर ‘तक्रार प्रलंबित’ असा शेरा येतो. एजंट त्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, ‘काम चालू झालं, उरलेले टाका.’

पुढे सिबिल ती तक्रार बँकेकडे पाठवतं. बँकेने होकार दिल्याशिवाय सिबिल एक अक्षरही बदलत नाही. बँक आपल्या खात्यात पाहते, 60,000 येणं सोडून दिलेलं दिसतं, ती ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवते आणि शेरा जातो. ‘सेटल्ड’ तिथेच राहतं आणि एजंटचा नंबर लागेनासा होतो. हाती ओटीपी दिल्यामुळे नवीन भीती मात्र मागे उरते, आपल्या नावावर कुठे कर्ज तर निघालं नाही ना.

नोंद खरोखर चुकीची असती, म्हणजे पूर्ण भरलेलं कर्ज थकीत दिसत असतं किंवा नावसाधर्म्याने दुसऱ्याचं खातं चिकटलं असतं, तर हीच तक्रार चालली असती. एजंटचे ‘यशस्वी’ किस्से बहुतेक याच प्रकारातले असावेत. आता तर त्यासाठी मुदतीचीही सक्ती आहे. 26 एप्रिल 2024 पासून तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. उशीर बँकेचा असेल तर बँक देते, नाहीतर कंपनी. तरीही दाद मिळाली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2022 पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

‘सेटल्ड’वर उपाय वेगळा. त्या नोकरदाराने बँकेला लेखी विचारायचं, की सोडलेली 60,000 ची रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल का? बँक राजी होईलच असं नाही, म्हणून उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे टाकू नयेत. पैसे एजंटच्या यूपीआयवर न देता थेट कर्जखात्यात जायला हवेत. नो ड्यूज पत्र हाती आलं, की बँक सिबिलला पुढची माहिती पाठवते तेव्हा शेरा बदलतो. त्या वेळी जे हप्ते उशिरा गेले, त्यांचे दिवस मात्र रिपोर्टमध्ये दिसतच राहतात.