कापडावरील गोळे

घासल्यामुळे सुताबाहेर आलेले तंतू एकमेकांत गुंतून कापडावर जे बारीक गोळे धरतात, ते. गोळा कापडावर नुसता पडलेला नसतो. दोन-चार तंतूंची एक टोके गोळ्यात आणि दुसरी सुताच्या पिळात अडकलेली असतात. हे धरून ठेवणारे तंतू तुटले की गोळा गळतो.

गोळे किती येणार हे बऱ्याच अंशी तंतूच्या लांबीवर ठरते. तंतू आखूड असले तर सुतात त्यांची टोके जास्त आणि पिळाची पकड कमी, म्हणून लव लवकर सुटते. लांब धाग्याच्या कापसाचे, नीट विंचरलेले सूत म्हणूनच गुळगुळीत राहते. आलेले गोळे किती दिवस टिकणार, हे मात्र तंतूच्या बळकटीवर अवलंबून असते आणि इथे मजबूत तंतूच त्रासदायक ठरतो.

सोलापुरी चादर आणि पॉलिस्टर-कॉटन बेडशीट शेजारी ठेवली तर हे चटकन कळते. सुती चादरीवर पहिल्या काही धुण्यांत लव येते, थोडे गोळेही धरतात. पण वारंवार वाकून कापसाचा तंतू तुटतो आणि गोळे धुण्यात, झटकण्यात निघून जातात. मिश्र बेडशीटमध्ये गोळ्यात गुंतलेला बराचसा भाग कापसाचा असला, तरी तो धरून ठेवतो पॉलिस्टर. हा तंतू सहजी तुटत नाही, त्यामुळे बेडशीट जुनी झाली तरी गोळे तसेच. ‘मजबूत माल’ म्हणून घेतलेल्या कापडाची ही दुसरी बाजू दुकानदार सहसा सांगत नाही. यावर उपाय म्हणून मुद्दाम कमी बळाचे पॉलिस्टरही बनवतात.

कापडात पॉलिस्टर आहे का अशी शंका असल्यास एक गोळा कात्रीने कापून, चिमट्यात धरून, कापडापासून दूर स्टीलच्या ताटलीवर जाळावा. कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख उरली तर तो कापूस. वितळून कडक मणी उरला तर त्यात पॉलिस्टर आहे.

गोळे बोटांनी ओढू नयेत. धरणारा तंतू न तुटता सुतातून आणखी बाहेर सरकतो आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. चादर कोरडी करून सपाट टेबलावर सुरकुती न ठेवता पसरावी आणि जाळीचे झाकण असलेले गोळे काढायचे यंत्र न दाबता हलकेच फिरवावे. शिवण, काठ आणि जेकार्ड नक्षीतले सुटे, तरंगते धागे टाळावेत. तिथे पाते गोळ्याऐवजी सूतच कापते. दाढीचे ब्लेड याच कारणाने धोक्याचे. कापड विरळ झाले असेल तर यंत्र वापरूच नये, कारण दर वेळी थोडा तंतू कायमचा जातो.

टर्किश टॉवेलवर हे यंत्र चालवू नये. तिथे वर उभे असतात ते गोळे नव्हेत, सुताचे फासे. एखादा फासा ओढला गेला असेल तर तेवढाच कात्रीने बाकीच्यांच्या उंचीला कापावा.